तिच्या मर्यादांचा परिच्छेद

शिफारसपत्राच्या ऑनलाइन फॉर्ममधले बहुतेक रकाने हातासरशी भरून होतात. उमेदवाराला किती वर्षं ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता, पत्र पाहण्याचा हक्क तिने सोडला आहे का, वगैरे. मग एक रकाना येतो: उमेदवाराच्या मर्यादा. इथे आमच्यातले बरेच जण ‘कामात जरा जास्तच बारकाईने लक्ष घालते’ किंवा ‘स्वतःकडून फार अपेक्षा ठेवते’ असं काहीतरी लिहून पुढे सरकतात. ती मर्यादा नसते, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही.

यंदा माझ्या एका विद्यार्थिनीने एआय संशोधनाच्या इंटर्नशिपसाठी शिफारस मागितली. दहा आठवड्यांचं काम, एक मार्गदर्शक, एक छोटा पण खरा संशोधनाचा प्रश्न. तिची शिफारस करायला मी लगेच हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. पण पत्र लिहायला बसले तेव्हा सगळ्यात जास्त वेळ त्या एका रकान्याने घेतला. ती मला प्रिय आहे म्हणूनच तो रकाना नीट भरायचा होता. दहा आठवडे थोडे असतात. तिला कुठे हात द्यावा लागेल हे पहिल्याच दिवशी कळलं, तर मार्गदर्शक तो देऊ शकतो. सहाव्या आठवड्यात कळलं, तर फार उशीर झालेला असतो.

पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाचं १९७५ साली छापून आलेलं एक व्याख्यान भाषेचे अभ्यासक अजून वाचतात. त्यातलं एक उदाहरण शिफारसपत्राचंच आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या शिष्याबद्दल त्याचा शिक्षक एवढंच लिहितो की याची भाषा उत्तम आहे आणि हा तासांना नियमित येतो. बस. शिक्षक एकही वाईट शब्द वापरत नाही, तरी वाचणारा समजायचं ते समजतो: तत्त्वज्ञानात याला फारशी गती नाही. शिक्षकाला माहिती आहे, ती मागितलेलीही आहे, आणि तरी तो देत नाही, म्हणजे ती सांगण्यासारखी नसावी. पत्राचा वाचक गाळलेल्या जागा नेहमी अशाच भरतो. मर्यादांचा रकाना मी कोरा ठेवला किंवा गोड बोलून झाकला, तर तिथे तो स्वतःचा अंदाज बसवणार, आणि तो अंदाज खऱ्या मर्यादेपेक्षा वाईट असण्याची शक्यता भरपूर. मी लिहिलेली मर्यादा निदान नेमकी असेल.

नेमकी म्हणजे कशी, हे तिच्या प्रकल्पावरूनच सांगते, कारण पत्रातही मी तेच केलं.

बोलणाऱ्याच्या आवाजावरून भावना ओळखायची, हा तिचा विषय. त्यासाठी तिने रॅव्हडेस नावाचा खुला डेटासेट घेतला. त्यात २४ व्यावसायिक कलाकार आहेत, १२ पुरुष आणि १२ स्त्रिया. प्रत्येकाने तीच दोन साधी इंग्रजी वाक्यं आठ भावनांमध्ये म्हटली आहेत: सहज, शांत, आनंदी, दुःखी, रागावलेली, घाबरलेली, किळस आलेली आणि चकित झालेली. सहज भावना सोडून बाकीच्या भावना साधारण आणि तीव्र अशा दोन प्रकारांत आहेत, आणि प्रत्येक वाक्य दोनदा म्हटलं आहे. कलाकारामागे ६० ध्वनिफिती, एकूण १४४०. फाइलचं नाव असं असतं: `03-01-06-01-02-01-12.wav`. तिसरा आकडा भावनेचा, चौथा तीव्रतेचा, पाचवा वाक्याचा, सहावा पहिल्यांदा की दुसऱ्यांदा याचा, आणि शेवटचा कलाकाराचा. म्हणजे ही बाराव्या कलाकाराची फीत आहे आणि तिच्यातला आवाज घाबरलेला आहे.

तिने आवाजाची ठरलेली मोजमापं काढली, एक साधं वर्गीकरणाचं मॉडेल शिकवलं, आणि १४४० फितींचे कसेही सहा भाग पाडून आळीपाळीने एकेक भाग चाचणीला ठेवला. अचूकता आली ८६ टक्के. आठ भावनांमध्ये नुसता अंदाज बांधला तर साधारण १२ ते १३ टक्के जमतात, तेव्हा आकडा देखणा होता. पदवीचे अनेक प्रकल्प इथेच संपतात. अहवालात तक्ता येतो, खाली आभार येतात.

तिचा संपला नाही. तिने मैत्रिणींचे आवाज रेकॉर्ड करून मॉडेलला दिले आणि मॉडेल पार कोसळलं. आता मैत्रिणी काही कलाकार नाहीत, रेकॉर्डिंग खोलीतलं, माइक साधा; सबबी हाताशी होत्या. तिने त्यातली एकही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच मोजमापांवर तेच मॉडेल पुन्हा शिकवलं, फक्त प्रश्न बदलला. भावना कोणती हे न विचारता कलाकार कोणता हे विचारलं. मॉडेलने ९७ टक्के वेळा कलाकार बरोबर ओळखला. भावनेसाठी म्हणून काढलेल्या आकड्यांमध्ये माणसाची ओळख काठोकाठ भरलेली होती.

ही पायरी मला फार मोलाची वाटते. ‘चाचणीत काहीतरी गळती आहे’, म्हणजे शिकवतानाची माहिती चाचणीतही झिरपते आहे, असा संशय पुष्कळांना येतो. संशयाला प्रयोगाचं रूप देऊन, मॉडेल नेमकं कशावर टेकलं आहे हे त्याच्याचकडून वदवून घेणं फार कमी जणांना सुचतं. तिला ते कोणी सुचवलं नव्हतं. मी पत्रात तसं स्पष्ट लिहिलं, कारण प्रकल्पातलं श्रेय कोणाचं हे मार्गदर्शकाशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही.

त्यानंतरची पायरी मात्र आमच्या बोलण्यातून निघाली, आणि तेही पत्रात आहे. मी तिला विचारलं की ८६ मधले किती टक्के गळतीचे, आणि ती गळती एकाच जागी आहे का? बाकी सगळं तिने केलं. फाइलच्या नावातून दोन प्रकारचे गट पाडले:

```python
p = fname.replace(".wav", "").split("-")
pair  = (p[2], p[3], p[4], p[6])
actor = p[6]
```

`pair` मध्ये सहावा आकडा मुद्दाम नाही. एकाच कलाकाराने तेच वाक्य, त्याच भावनेने, तेवढ्याच तीव्रतेने दोनदा म्हटलेल्या दोन फिती म्हणजे जवळजवळ जुळी भावंडं. कशाही वाटल्या, तर चाचणीत आलेल्या फितीची जुळी फीत सहापैकी पाच वेळा शिकवण्याच्या भागात सापडते. सराव संचातलं उदाहरण आकडेही न बदलता परीक्षेत यावं, तसं. तिने आधी फक्त जुळ्या फिती एका बाजूला राहतील अशी वाटणी केली. अचूकता ८६ वरून ७४ वर आली. मग वाटणी कलाकारांनुसार केली: प्रत्येक वेळी चार कलाकार पूर्णपणे बाहेर, त्यांची एकही फीत मॉडेलच्या कानावर पडलेली नाही. अचूकता ५८.

म्हणजे २८ टक्क्यांपैकी १२ जुळ्या फितींमुळे आणि १६ ओळखीच्या आवाजांमुळे. गळती मिटवणं एवढाच उद्देश असता, तर कलाकारांनुसार वाटणी करून ५८ लिहिले की काम झालं असतं. तिने घसरणीचा हिशेब मांडला. अहवालात तिने तिन्ही आकडे एकाखाली एक दिले आणि निष्कर्ष ५८ वर काढला. ८६ आकडा गोषवाऱ्यात नाही. वर्गातल्या इतर प्रकल्पांचे आकडे नव्वदीत होते आणि तिला ते माहीत होतं.

एआयच्या कामात हा गुण किती लागतो हे या क्षेत्रातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सायश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत विज्ञानाच्या १७ शाखांमध्ये अशा गळतीने बाधित झालेलं संशोधन सापडलं होतं. ते शोधनिबंध नवशिक्यांचे नव्हते. म्हणून पत्रातला गुणांचा परिच्छेद मी या एकाच घटनेला दिला. ‘बुद्धिमान’, ‘जिज्ञासू’, ‘प्रामाणिक’ यांतला एकही शब्द त्यात नाही. घटना वाचून वाचणाऱ्याला ते शब्द सुचले तर सुचोत.

याच प्रकल्पात तिची पहिली मर्यादाही दिसली, आणि ती तितकीच स्पष्ट आहे.

५८ वर आल्यानंतर तिने मॉडेलमध्ये एक बदल केला आणि सरासरी ६० झाली. अहवालाच्या कच्च्या प्रतीत तिने लिहिलं, ‘या बदलामुळे अचूकतेत सुधारणा झाली.’ मी सहा भागांचे सुटे आकडे मागितले. पहिल्या मॉडेलची एका भागावरची अचूकता ४७ होती आणि दुसऱ्या एका भागावर ६६. कोणते चार कलाकार बाहेर राहिले यावर आकडा एवढा हलत होता. नव्या मॉडेलने सहापैकी तीन भागांत सुधारणा दाखवली होती आणि तीन भागांत घसरण. सरासरीतले ते दोन टक्के मुख्यतः एकाच भागातून आले होते. अशा वेळी ‘सुधारणा झाली’ असं म्हणायला आधार नसतो.

समजावल्यावर तिने वाक्य लगेच काढलं. पण का काढायचं, हे तिला तेव्हा पुरतं उमगलं नव्हतं. ती म्हणाली, “पण मॅडम, १४४० फिती आहेत ना, एवढा मोठा नमुना असताना दोन टक्के कमी कसे?” फिती १४४० असल्या तरी माणसं २४ च आहेत. नव्या माणसाच्या आवाजावर मॉडेल कसं चालेल हा प्रश्न असेल, तर नमुना २४ चा धरायचा. एका माणसाच्या ६० फिती म्हणजे साठ स्वतंत्र साक्षी नव्हेत. गळती शोधताना हीच गोष्ट तिच्या हाताला अचूक लागली होती; अनिश्चितता मोजताना तीच तिच्या नजरेतून सुटली. तिची जाण हातातून येते. कोडमध्ये दिसलेलं तिला लगेच कळतं, कागदावरच्या संभाव्यताशास्त्रात ती अजून चाचपडते.

पत्रात मी हे असं मांडलं:

> प्रयोगाची रचना ती चांगली करते, पण निकालातली अनिश्चितता मोजण्याचं सांख्यिकी तिला अजून शिकायचं आहे. दोन मॉडेलांमधला फरक खरा आहे की योगायोग, हे ठरवताना तिला मदत लागेल. तिने काढलेल्या तुलनेवर निर्णय घेण्यापूर्वी, निदान सुरुवातीच्या आठवड्यांत, कोणीतरी सुटे आकडे पाहावेत. समजावलेली गोष्ट ती पुढच्या प्रयोगात वापरते, हे मी पाहिलं आहे. तिच्यामागचं गणित स्वतः मांडताना मी तिला अजून पाहिलेलं नाही.

शेवटची दोन वाक्यं लिहिताना मी बराच वेळ थांबले. ‘गणित कच्चं’ एवढं लिहिलं असतं, तर ते खरंही ठरलं असतं आणि निरुपयोगीही. कोणतं गणित, कुठे अडतं, अडल्यावर कोणी काय करायचं, हे सांगितलं की वाचणारा स्वतःच्या प्रश्नाशी ताडून पाहू शकतो. सिद्धता मांडायचं काम असेल तर त्याने तिला घेऊ नये. तिथे ती दुःखी होईल आणि तोही.

दुसरी मर्यादा लिहायला जास्त जड गेली, कारण ती स्वभावाची आहे.

प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात तिने आधीच शिकवलेलं एक मोठं आवाजाचं मॉडेल घेतलं आणि त्याला भावना ओळखायला शिकवू लागली. ट्रेनिंगमधला लॉस, म्हणजे मॉडेल किती चुकतंय हे दाखवणारा आकडा, २.०८ च्या आसपास सुरू झाला आणि तिथेच घुटमळत राहिला. आठ पर्यायांमध्ये काहीच माहीत नसलेल्या मॉडेलचा लॉस आठच्या नैसर्गिक लॉगरिथमएवढा असतो, म्हणजे २.०८. आकडा तिथून हलत नाही याचा अर्थ मॉडेल अजून अंदाजच ठोकत आहे. तिने लर्निंग रेट, म्हणजे मॉडेल दर पावलाला किती बदलतं ते प्रमाण, बदलून पाहिला, बॅच लहान केली, वरचे थर गोठवले, पुन्हा मोकळे केले. अडीच आठवडे ती हेच करत होती आणि या काळात तिने मला काहीही सांगितलं नाही. भेटलो की “चालू आहे, मॅडम” म्हणायची.

शेवटी ती लॅपटॉप घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, “मॉडेलला जे ऐकू जातंय, ते आपण ऐकू या.” मॉडेलकडे जाणारी आकड्यांची रांग तिने मॉडेलच्या वेगाने वाजवली. बाईचा आवाज एखाद्या खोल विहिरीतून यावा तसा घोगरा आणि लांबलेला आला. रॅव्हडेसच्या फिती सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी रेकॉर्ड केलेल्या आहेत आणि ते मॉडेल १६,००० ची अपेक्षा धरून बनवलेलं. मधे रूपांतर राहून गेलं होतं, त्यामुळे मॉडेल प्रत्येक वाक्य तिपटीने संथ ऐकत होतं. तिने रूपांतराची एक ओळ घातली आणि लॉस उतरू लागला. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत.

चूक कोणाचीही होते, ती मी पत्रात लिहिलेली नाही. लिहिलं ते गप्प राहण्याबद्दल. दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये अडीच आठवडे म्हणजे चौथा हिस्सा. वर्गात हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांमध्ये ही सवय मला वारंवार दिसते. अडलं हे सांगणं म्हणजे कमी पडलो हे कबूल करणं, असं त्यांना वाटतं आणि ती आणखी जोराने एकटीच ढकलत राहतात. त्यानंतर आम्ही दोघींनी एक नियम ठरवला. एकाच अडचणीवर दोन दिवस गेले की तिने मला तीन ओळी पाठवायच्या: काय करून पाहिलं, काय होईल असं वाटलं होतं, काय झालं. उत्तर मिळालंच पाहिजे असं नाही, ओळी लिहायच्या. पुढच्या महिन्यांत अशा ओळी येत राहिल्या. काही वेळा तर त्या लिहिता लिहिताच तिला चूक सापडली आणि मेलच्या शेवटी ‘सापडलं’ एवढाच शब्द आला. परीक्षेच्या सुमारास मात्र ती पुन्हा गप्प झाली आणि मलाच विचारावं लागलं. पत्रात दोन्ही आहे.

मग ज्या गोष्टी मी पाहिल्याच नाहीत, त्या. मोठ्या संघात, दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो ओळींच्या कोडमध्ये ती कसं काम करते, मला ठाऊक नाही. अनेक जीपीयूंवर चालणारं ट्रेनिंग तिने केलेलं नाही, कारण आमच्याकडे तशी सोयच नाही. शोधनिबंध तिने लिहिलेला नाही. हे सगळं मी मर्यादांच्या परिच्छेदात घातलं नाही. ‘मला माहीत नाही’ असं वेगळं लिहिलं, कारणासकट. संधी न मिळालेली गोष्ट आणि संधी मिळूनही न जमलेली गोष्ट एका ओळीत बसवली, तर लहान कॉलेजातल्या मुलांवर मोठाच अन्याय होतो. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

पाठवण्याआधी मी विशेषणं चाळली. २००३ साली फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी एका मोठ्या अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली होती. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड निघाली, त्यांत शंका उपस्थित करणारी वाक्यं जास्त होती, आणि कर्तबगारीपेक्षा कष्टांचं कौतुक अधिक होतं. ते वाचल्यापासून मुलींच्या पत्रात मी ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘शिस्तप्रिय’ हे शब्द शोधून काढते आणि प्रत्येकापुढे थांबते. हिच्या पत्रात ‘चिकाटीने’ आला होता, गळतीच्या परिच्छेदात. मी तो खोडला. गळती तिला चिकाटीने सापडली नव्हती. योग्य प्रश्न सुचला म्हणून सापडली होती. आणि मर्यादांच्या परिच्छेदासमोरही तोच प्रश्न धरला: एखाद्या मुलाबद्दल मी हे गप्प राहणं असंच लिहिलं असतं का? लिहिलं असतं, म्हणून ठेवलं.

पत्र तिला दाखवलं नाही; तिने तो हक्क सोडला होता आणि त्याला अर्थ आहे. पण त्यात कोणत्या मर्यादा असणार हे मी तिला बोलावून सांगितलं. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याबद्दल मी पत्रात असं काही लिहीत नाही, जे त्याला तोंडावर सांगितलेलं नाही. सांख्यिकीचं ऐकताना ती मान हलवत होती. गप्प राहण्याचं ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला.

“मॅडम, हे वाचून मला कोण घेईल?”

“दर आठवड्याला भेटणारा मार्गदर्शक घेईल. न भेटणाऱ्याने तुला घेऊच नये असं मला वाटतं.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या अडीच आठवड्यांत मी रोज नोंदी ठेवत होते. तुम्हाला दाखवल्या नाहीत कधी.” तिने फाइल उघडली. प्रत्येक ट्रेनिंगची तारीख, लर्निंग रेट, बॅचचा आकार, रँडम सीड, शेवटचा लॉस, आणि पुढे एका वाक्यात काय वाटलं ते. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘लर्निंग रेटचा काहीच परिणाम नाही, म्हणजे अडचण ट्रेनिंगमध्ये नसून डेटामध्ये असावी?’ प्रश्नचिन्ह होतं आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा लर्निंग रेट.

तिला उत्तराच्या दारापर्यंत जाता आलं होतं. दार वाजवायला माणूस हवं होतं. मर्यादा तीच राहिली, पण तिचं वर्णन अधिक खरं करता आलं, म्हणून मी एक वाक्य वाढवलं:

> गप्प असतानाही तिचं काम नीट नोंदलेलं असतं. मार्गदर्शकाने तिच्या नोंदी मागून वाचाव्यात, अडचण कुठे आहे हे बहुतेक वेळा तिथे तिच्याच हाताने लिहिलेलं सापडेल.

फॉर्मच्या शेवटी तुलनेचा तक्ता होता: पहिल्या एका टक्क्यात, पहिल्या पाचांत, दहांत, पंचविसांत. प्रयोगाची रचना या ओळीत मी पहिल्या पाच टक्क्यांवर खूण केली आणि तुलना कोणाशी ते खाली लिहिलं: मी मार्गदर्शन केलेल्या पदवीच्या प्रकल्पांतल्या विद्यार्थ्यांशी. गणिती पाया, पंचवीस. संवाद, पंचवीस. सगळ्या ओळींवर पहिल्या टक्क्याची खूण केली, तर कोणत्याच खुणेला किंमत राहत नाही. शेवटचा प्रश्न होता, हिला स्वतःच्या गटात घ्याल का? मी लिहिलं, हो, आणि पहिला महिना दर आठवड्याला एक तास तिच्यासाठी राखून ठेवेन.

तिची निवड झाली. तिच्या होणाऱ्या मार्गदर्शकांनी मला फोन केला तो गुणांच्या परिच्छेदाबद्दल नव्हता. तीन ओळींचा नियम त्यांनी नीट विचारून घेतला, आणि सांख्यिकीसाठी रुजू होण्यापूर्वी तिला काय देऊ, असं विचारलं. मी सुचवलं की पुस्तक नको, तिचाच डेटा द्या. त्यांनी तिला एक काम पाठवलं: अचूकतेभोवतीचा पट्टा काढ, म्हणजे खरी अचूकता कुठून कुठवर असू शकते ते, पण १४४० फितींमधून पुन्हा पुन्हा नमुने उचलून नव्हे, २४ कलाकारांमधून कलाकार उचल, परत ठेव, पुन्हा उचल, आणि प्रत्येक वेळी सरासरी काढ.

तिने ते करून मलाही पाठवलं. फिती उचलल्या तर पट्टा ५५ ते ६१ असा अरुंद येतो, कलाकार उचलले तर ५३ ते ६३. अहवालातून काढून टाकलेले ते ६० टक्के दुसऱ्या पट्ट्यात आरामात बसतात, हे तिने स्वतःहून लिहिलं होतं. खाली एक प्रश्न होता: दोन्ही मॉडेलं त्याच २४ कलाकारांवर तपासली आहेत, तर दोन वेगळे पट्टे काढून त्यांची तुलना करण्याऐवजी आधी प्रत्येक कलाकारामागचा फरक काढून मग त्या फरकांचा पट्टा काढायला हवा ना?